ब्लीच आणि रंग : एका बैठकीत की दोन?

पार्लरमध्ये ब्लीचचा विषय निघाला की दोन सल्ले हमखास कानावर येतात. एक मावशीचा, शेजारणीचा किंवा कॉलेजातल्या मैत्रिणीचा : "ब्लीच केलंस ना, आता दोन आठवडे केसांना आराम दे, मग रंग लाव." दुसरा सल्ला कुणी बोलून दाखवत नाही, पण तो रोज अमलात येतो. कोणत्याही बऱ्या सलूनमध्ये ब्लीच धुतल्यावर अर्ध्या तासाच्या आत, बॅसिनवरच, केसांना टोनर लावलेला असतो. आरामाचा सल्ला खरा असेल तर हे सगळे हेअरड्रेसर रोज गिऱ्हाइकांचे केस खराब करत बसलेत म्हणायचं, आणि तसं काही दिसत नाही.

माझ्या मते "आज की नंतर" हा प्रश्नच जरा बाजूला सरकवायला हवा. ब्लीचनंतर केसावर नेमकं काय लावणार आहात, हे आधी विचारायला हवं. त्याचं उत्तर मिळालं की दिवसांचा हिशोब बराचसा आपोआप सुटतो.

केस डोक्याच्या कातडीतून बाहेर येतो तेव्हाच तो मेलेला असतो. त्यात पेशी असतात, पण जिवंत एकही नाही. रक्त नाही, दुरुस्तीची यंत्रणा नाही. बाहेरून त्याच्यावर पातळ खवल्यांचे अनेक थर असतात, कौलारू छपरासारखे एकावर एक चढवलेले. याला क्युटिकल म्हणतात. आत कॉर्टेक्स, म्हणजे केसाचा खरा ताकदीचा भाग. तो केरॅटिन या प्रथिनाच्या लांब साखळ्यांचा बनलेला असतो आणि या साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना घट्ट धरून ठेवतात. केसाला रंग देणारे मेलॅनिनचे कणही याच कॉर्टेक्समध्ये विखुरलेले असतात. ब्लीचची सगळी अडचण इथेच आहे. ज्याला काढायचं ते मेलॅनिन आणि ज्याला धक्का लागू नये ते बंध, दोन्ही एकाच खोलीत राहतात.

ब्लीचची पावडर म्हणजे मुख्यतः परसल्फेटचे क्षार आणि अल्कलीचा डोस. ती डेव्हलपरमध्ये, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइडच्या क्रीममध्ये, साधारण एकास दोन या प्रमाणात कालवतात. अल्कलीमुळे केस फुगतो, खवले उचलले जातात, पेरॉक्साइड आत शिरतं आणि मेलॅनिनचे तुकडे पाडतं. आधी काळं-तपकिरी मेलॅनिन तुटतं. लालसर-पिवळं जास्त चिवट असतं. म्हणूनच आपल्याकडचे काळे केस ब्लीच करताना आधी तांबूस, मग नारिंगी, मग पिवळे होतात. पण पेरॉक्साइडला निवड करता येत नाही. मेलॅनिन तोडता तोडता ते गंधकाच्या बंधांचंही ऑक्सिडीकरण करतं. नेहमीच्या ब्लीचमध्ये यातले साधारण १५ ते २५ टक्के बंध कायमचे जातात आणि फार जोरकस ब्लीचमध्ये हा आकडा ४५ टक्क्यांपर्यंत पोचू शकतो. बंध तुटून जे आम्ल तयार होतं, ते पुन्हा जोडलं जात नाही. वर केसाच्या पृष्ठभागावर घट्ट चिकटलेला जो स्निग्ध थर असतो, तोही अल्कलीत निघून जातो. केस मग पाणी पटकन पितो आणि एकमेकांवर घासून गुंततो.

आता एक गंमत. एवढं होऊनही ब्लीच केलेला कोरडा केस ओढून पाहिला तर तो फारसा अशक्त वाटत नाही. कोरड्या केसात गंधकाचे बंध एकटे नसतात. साखळ्यांमधले हायड्रोजनचे लहान लहान बंध संख्येने प्रचंड असतात आणि भार तेही वाहतात. केस भिजला की पाणी त्या लहान बंधांच्या मध्ये घुसतं, ते सुटतात आणि सगळा भार उरलेल्या गंधकाच्या बंधांवर येतो. म्हणजे किती नुकसान झालंय हे विचारायचं असेल तर ते ओल्या केसाला विचारायचं. कोरडा केस खोटं बोलतो असं नाही, पण पूर्ण खरं सांगत नाही.

यावरून एक साधी चाचणी निघते आणि जाणत्या हेअरड्रेसर ती बोलता बोलता करून जातात. धुतलेल्या ओल्या केसांतून एक केस घ्यायचा, दोन्ही हातांच्या अंगठ्या-तर्जनीमध्ये साधारण पाच सेंटिमीटरचा तुकडा धरायचा आणि हळूहळू ताणायचा. धडधाकट केस जवळपास एक तृतीयांश लांबतो आणि सोडला की आपल्या मूळ लांबीवर परत येतो. ब्लीचने थकलेला केस लांबतो, पण परत येताना रेंगाळतो, थोडा लांबच राहतो. त्याहून वाईट अवस्था म्हणजे तो ताणला की नुसता ताणतच जातो, बोटांना लिबलिबीत लागतो आणि मग निमूट तुटतो. अशा केसावर त्या दिवशी पेरॉक्साइड असलेली कोणतीही वस्तू लावायची नाही. दोन आठवड्यांनीही नाही. तो भाग कापायचाच उरतो.

"दोन आठवड्यांनीही नाही" हे मुद्दाम म्हटलं, कारण आरामाच्या सल्ल्याची खोट इथे आहे. चौदा दिवसांत मेलेला केस काय करतो? काहीच नाही. तुटलेला बंध जुळत नाही, गेलेला स्निग्ध थर पुन्हा उगवत नाही. टाळूचं तेल मुळाशी थोडं पसरतं, पण खांद्याखालच्या केसापर्यंत ते पोचतही नाही. उलट त्या चौदा दिवसांत केस चार-पाच वेळा धुतला जातो, विंचरला जातो, उन्हात तापतो, कधी स्ट्रेटनरखाली भाजला जातो. आधीच सच्छिद्र झालेल्या केसातून प्रत्येक धुण्यात थोडं थोडं प्रथिन निघून जातं. नुसती वाट पाहिली तर पंधराव्या दिवशीचा केस पहिल्या दिवशीपेक्षा काकणभर अशक्तच असतो.

वाट पाहताना नीट निगा राखली तर ही झीज मात्र कमी होते. कंडिशनरमधले धनभारित रेणू ब्लीचने ऋणभारित झालेल्या केसाला चिकटतात, घर्षण कमी होतं आणि कंगव्यात तुटणारे केस कमी होतात. बंध नव्याने बांधल्यासारखं वाटतं, ते खरं तर या गुळगुळीतपणामुळे. खोबरेल तेलाची बाजूही इथे घ्यायला हवी. २००३ साली मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. त्यात धुण्यापूर्वी लावलेल्या खोबरेलाने केसातून वाहून जाणारं प्रथिन स्पष्टपणे कमी झालं, चांगल्या केसात आणि ब्लीच केलेल्या केसातही. बाकीच्या दोन तेलांना ते जमलं नाही. खोबरेल विकणाऱ्या कंपनीनेच खोबरेल चांगलं म्हणावं यावर भुवया उंचावायला हरकत नाही, पण त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे : खोबरेलातल्या लॉरिक आम्लाची साखळी लहान आणि सरळ असते, ती केसाच्या आत शिरते. म्हणजे आजीचं तेल केसाची झीज थोपवतं. झालेलं नुकसान भरून मात्र काढत नाही.

मग वाट पाहण्यात अर्थच नाही का? आहे, पण तो केसासाठी कमी आणि टाळूसाठी जास्त. टाळू जिवंत आहे. ब्लीचने ती लाल झाली असेल, चुरचुरत असेल, कुठे पापुद्रा सुटला असेल तर तिला भरून यायला दिवस लागतात, आणि तेवढे द्यायलाच हवेत. दुसरं म्हणजे माहितीचा फायदा. ब्लीचच्या दिवशी केसावर कंडिशनर आणि सिरमची झिलई असते. तीन-चार धुण्यांनंतर ती उतरते आणि खालचा खरा केस दिसतो. गळणाऱ्या केसांच्या टोकाला पांढरी गाठ दिसली तर तो मुळापासून निघालेला केस. गाठ नसेल आणि तुकडा आखूड असेल तर तो मधूनच तुटलाय. पुढचं पाऊल उचलायचं की नाही हे ठरवायला एवढी माहिती पुष्कळ असते.

आता रंगाकडे. ब्लीचनंतर लावायच्या रंगांचे, ढोबळमानाने, तीन प्रकार असतात आणि त्यांचा केसावर पडणारा भार एकसारखा नसतो.

पहिला, थेट बसणारा रंग : निळा, गुलाबी, जांभळा, तांबडा. यात पेरॉक्साइड नसतं, डेव्हलपर कालवावं लागत नाही. तयार रंगीत रेणू सच्छिद्र केसाला चिकटतात, एवढंच. या रंगाची क्रीम बहुधा कंडिशनरसारखीच असते. तो ब्लीचच्याच दिवशी लावला तर केसाची ताकद घटण्याचं काही कारण नाही. उलट केस उघडा असताना तो छान बसतो.

दुसरा, टोनर किंवा डेमी-परमनंट रंग. यात अमोनियाऐवजी सौम्य अल्कली असते आणि डेव्हलपर दीड ते तीन टक्क्यांचं, म्हणजे सलूनच्या भाषेत ५ ते १० व्हॉल्यूमचं. मेलॅनिन तोडणं हे त्याचं काम नसतं, रंगाचे रेणू केसात जुळवणं एवढंच असतं. ब्लीचनंतर लगेच तो लावणं ही जगभरची रुजलेली पद्धत आहे. थोडा भार पडतो, पण आधीच्या ब्लीचच्या तुलनेत तो किरकोळच.

तिसरा, परमनंट रंग. बाजारातल्या डब्यातला आणि सलूनच्या ट्यूबमधलाही. यात अल्कली जास्त आणि डेव्हलपर बहुधा सहा टक्क्यांचं, २० व्हॉल्यूमचं, कधी त्याहून कडक. काळ्या केसावर लावताना त्याला दोन कामं करायची असतात : थोडं मेलॅनिन उडवायचं आणि स्वतःचा रंग घडवायचा. ब्लीच केलेल्या केसात उडवायला मेलॅनिन उरलेलंच नसतं. मग ते जास्तीचं पेरॉक्साइड काय तोडणार? जे उरलंय ते, म्हणजे बंध. ब्लीच आणि २० व्हॉल्यूमचा परमनंट रंग, या जोडीनेच "एकाच दिवशी दोन्ही करू नका" या समजाला जन्म दिला असावा. पण ही जोडी दोन आठवड्यांच्या अंतराने केली तरी ऑक्सिडीकरणाची बेरीज जवळपास तेवढीच राहते. केसाला तारखा कळत नाहीत.

म्हणून सलूनमध्ये खुर्चीवर बसल्यावर विचारायचा प्रश्न "रंग आज करायचा की पुढच्या शनिवारी" हा नाही. "टोनर कितीच्या डेव्हलपरमध्ये कालवणार?" हा आहे.

एक उदाहरण पूर्ण उलगडून पाहू. ठाण्यातली पंचविशीतली मुलगी, खांद्यापर्यंत केस, रंग नैसर्गिक, जवळजवळ काळा. सलूनच्या १ ते १० च्या मोजपट्टीवर लेव्हल २. आधी काहीही केलेलं नाही. मोबाइलवर फोटो चंदेरी जांभळ्या केसांचा. लग्न बहिणीचं, दहा दिवसांवर.

"ताई, एका दिवसात होईल ना?"

"होईल की नाही ते तुझ्या केसालाच विचारू," म्हणत हेअरड्रेसरने कानामागची एक बारीक बट वेगळी केली, चमचाभर पावडर ६ टक्क्यांच्या डेव्हलपरमध्ये कालवली, बटेला लावून फॉइलमध्ये गुंडाळली आणि दर दहा मिनिटांनी उघडून पाहिली. चाळीस मिनिटांनी बट नारिंगीवर येऊन थांबली, साधारण लेव्हल ७. ओली बट ताणली तर परत आली, जरा आळसावून. चंदेरी जांभळ्यासाठी मात्र केस केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूइतका फिकट लागतो, म्हणजे लेव्हल १०. म्हणजे आणखी एक ब्लीच, कदाचित दोन.

इथे दोन वाटा होत्या. त्याच दिवशी दुसरं ब्लीच लावायचं आणि वर जांभळा टोनर. किंवा पहिल्या ब्लीचवर थांबायचं. नारिंगी हा काही वाया गेलेला रंग नाही. तांब्याचा, गुलकंदी किंवा वाइन रंग त्याच्यावर सुरेख बसतो. दुसऱ्या ब्लीचचा रासायनिक भार आज लावला काय आणि महिन्याने लावला काय, बराचसा तोच. फरक पडतो तो चुकीच्या शक्यतेत. नुकताच ब्लीच झालेला केस फुगलेला आणि ओला असतो, खवले उचललेले असतात. दुसरा लेप त्यात भराभर शिरतो. पहिल्या वेळी चाळीस मिनिटं लागली, दुसऱ्या वेळी टोकं पंधरा मिनिटांतच पोचतात आणि मुळं मागे राहतात. टाळूही आधीच चिडलेली असते. त्याच दिवशी करायचंच असेल तर केस नीट धुऊन, पूर्ण वाळवून, ताणून पाहून, टाळूपासून थोडं अंतर सोडून आणि २० व्हॉल्यूमच्या वर न जाता. अनुभवी हात हे करतात. दहा दिवसांवर लग्न असलेल्या मुलीच्या केसांवर हा जुगार खेळावा असं मला वाटत नाही.

तिच्या हेअरड्रेसरलाही वाटलं नाही. त्या दिवशी एकच ब्लीच, धुऊन आम्लधर्मी कंडिशनर, ओल्या केसाची पुन्हा चाचणी, आणि तिथल्या तिथे १० व्हॉल्यूममध्ये कालवलेला तांबूस डेमी रंग वीस मिनिटं. एकूण वेळ साडेतीन तासांच्या आसपास. म्हणजे ब्लीच आणि रंग एकाच दिवशी झाले आणि तेच योग्य होतं. लांबणीवर पडलं ते फक्त दुसरं ब्लीच, पाच-सहा आठवड्यांनी, टोकं कशी टिकतात ते पाहून. हा फरक लोकांच्या बोलण्यात हरवतो : पुढे ढकलायचं ते ऑक्सिडीकरण, रंग नव्हे.

खरी वाट पाहायची ती ब्लीचच्या आधी. बहुतेक डेमी आणि परमनंट रंगांत पीपीडी किंवा त्याच्या जातकुळीतली रसायनं असतात आणि काहींना त्यांची तीव्र अॅलर्जी येते. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून ४८ तास पाहायचं, हे लेबलवर छापलेलं असतं आणि बहुतेक जण ते वाचत नाहीत. एकाच दिवशी सगळं करायचं तर ही चाचणी दोन दिवस आधीच उरकलेली हवी.

आपल्याकडे आणखी दोन गोष्टी विचारायच्या राहून जातात. पहिली मेंदी. घरोघरी मेंदी आणि नीळ लावली जाते. मेंदीचा रंग केरॅटिनला घट्ट धरतो आणि ब्लीचमध्ये हट्टी नारिंगी उरतो. निळीवर ब्लीच केलं तर केस हिरवट निघू शकतो. पाकिटातल्या काही मिश्रणांत धातूंचे क्षार असतात. त्यांचा पेरॉक्साइडशी संबंध आला की केस तापतो, कधी वाफाळतो आणि तुटतो. म्हणून गळलेल्या केसांचा छोटा गुच्छ वाटीतल्या २० व्हॉल्यूम पेरॉक्साइडमध्ये थोडा अमोनिया घालून अर्धा तास ठेवायचा. वाटी गरम झाली, फेस आला, किंवा केस विचित्र रंगाचे झाले, तर ब्लीच रद्द. आज नाही आणि पुढच्या महिन्यातही नाही. ते केस कापून जाईपर्यंत नाही.

दुसरी गोष्ट रिबाँडिंग. रिबाँडिंगची क्रीम गंधकाचे बंध मुद्दाम तोडते आणि न्यूट्रलायझर त्यातले बरेचसे, सगळे नाही, पुन्हा जोडतो. अशा केसावर ब्लीच म्हणजे आधीच कमी असलेल्या शिलकीतून उधारी. सरळ, चकचकीत दिसणारे हे केस ब्लीचखाली अचानक तुटतात, बहुतेकदा मुळापासून दोन-तीन बोटांवर, जिथे जुनं आणि नवं मिळतं.

उलट्या दिशेचाही एक प्रकार असतो. ब्लीचचा कंटाळा आला, पुन्हा काळं व्हायचंय. घरी आणलेला परमनंट काळा रंग सरळ फिकट केसावर ओढला जातो, काही दिवसांत तो धुतला जातो आणि खाली शेवाळी हिरवट छटा दिसू लागते. कारण काळ्या-तपकिरी छटेला आधार देणारा तांबूसपणा ब्लीचने आधीच काढून टाकलेला असतो. आधी तांबूस थर बसवायचा, मग वर गडद डेमी. दोन्ही एका दिवसात होतात, आणि यात २० व्हॉल्यूमची गरज कुठेच पडत नाही.

ब्लीच केलेले केस राखायचे तर पुढची खरी कसोटी मुळं वाढल्यावर येते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे दोन महिन्यांनी दोन सेंटिमीटर काळी पट्टी. टाळूच्या उबेमुळे तिच्याजवळचा केस लवकर उजळतो, म्हणून तिथे कमी व्हॉल्यूम पुरतं. लेप आधी ब्लीच केलेल्या भागावर चढू द्यायचा नाही. त्यासाठी खालच्या केसांना जाड कंडिशनरचा थर लावून ठेवतात आणि ब्रशची कड काळ्या पट्टीच्या आतच थांबवतात. टोकांना फक्त टोनर, तोही शेवटची पाच-दहा मिनिटं.